आतली की बाहेरची

पीएच.डी.च्या सगळ्या प्रकरणांपेक्षा त्या चार पानांनी मला जास्त छळलं. नव्वदच्या दशकाची सुरुवात असेल. माझा विषय होता उल्हासनगरमधल्या एका सिंधी टिकाण्यातला बायकांचा सत्संग. टिकाणा म्हणजे गुरुग्रंथसाहेब असलेलं त्यांचं प्रार्थनास्थळ. मी बदलापूर गावातली मराठी मुलगी, लग्न करून सिंधी घरात आले होते. सासूबाई दर आठवड्याला तिथे जात, त्यांच्याबरोबर मीही डोक्यावर ओढणी घेऊन जाऊन बसायचे.

काम संपत आल्यावर माझ्या गाइड मॅडम म्हणाल्या, "या लोकांच्या संदर्भात तुम्ही कोण आहात, ते लिहून आणा. हल्ली असं स्थान सांगितल्याशिवाय चालत नाही."

मला वाटलं, त्यात काय! मी लिहिलं: मी जन्माने मराठी, टिकाण्याच्या परंपरेबाहेरची, म्हणून तटस्थपणे पाहू शकले.

मॅडमनी "म्हणून"भोवती लाल गोल काढला. "बाहेरचा माणूस तटस्थ असतो, हे कुणी सांगितलं? आणि सासूबाईंच्या शेजारी बसता, ते कुठे आहे यात? हा बायोडेटा झाला. या जागेवरून तुम्हाला काय दिसलं आणि काय दिसलं नाही, ते लिहा."

चिडूनच घरी आले आणि उलट टोक गाठलं. मी या घरची सून, म्हणजे आतली, असं लिहून काढलं. संध्याकाळी सासूबाईंना हिंदीत वाचून दाखवलं. त्या भेंडी चिरत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "अंदर की? मत्था तो टेकती है बेटा, पर मानती है क्या?"

खरं उत्तर "नाही" होतं. त्यांना ते ठाऊक होतं, आणि तरी दर वेळी त्या मला शेजारी जागा धरून ठेवायच्या. तेही पान फाडलं.

त्याच सुमारास सासूबाई भाचीच्या लग्नाला इंदूरला गेल्या. मी पहिल्यांदाच एकटी सत्संगाला गेले. लंगरची भांडी घासताना आमच्याच गल्लीतली एक सून माझ्याजवळ सरकली. मी घेतलेल्या मुलाखतीत तिने नुसतं "सब अच्छा है" एवढंच सांगितलं होतं. आता म्हणाली, "दीदी, आज आंटी नहीं है ना, इसलिए बोलती हूँ." मग बोलतच राहिली. सत्संगात सगळ्या बहिणी म्हणायचं, आणि स्वयंपाकाला कुणी हात लावायचा ते मात्र मोठ्या बायका ठरवणार. पाळीच्या दिवसांत घरी राहायचं, आणि का आलो नाही ते सगळ्यांना कळणार. शेवटी म्हणाली, "मेरा नाम मत लिखना." मी शब्द दिला.

घरी येऊन जुन्या मुलाखती काढल्या. जवळजवळ प्रत्येक वेळी सासूबाई बाजूला होत्या. त्यांच्यामुळेच तर मला दारं उघडली होती. आणि त्यांच्यामुळेच कितीतरी सुना माझ्यापुढे गप्प बसल्या होत्या. तीन वर्षं मी ज्याला टिकाण्याचा आवाज समजत होते, तो बऱ्याच अंशी सासवांचा आवाज होता. डोकं फिरलं माझं. हे सगळं नव्याने करायला वेळ कुठून आणणार?

मग चार पानं लिहिली. कुणाच्या ओळखीने आत गेले, त्या ओळखीने कुणाची तोंडं बंद झाली, श्रद्धा नसताना मी मत्था का टेकत होते आणि बायकांनी त्याचा काय अर्थ घेतला, शिवाय माझ्या कुठल्या निष्कर्षांवर कमी विश्वास ठेवावा. त्या सुनेची ओळख पटेल असं एक अक्षरही घातलं नाही. सासूबाई परत आल्यावर म्हणाल्या, "वो क्या बोल रही थी तुझसे?" बातमी पोचली होतीच. मी म्हटलं, "मम्मी, वो नहीं बता सकती." त्या दोन दिवस माझ्याशी तुटक वागल्या.

मॅडमना पानं आवडली. विभागातल्या एका ज्येष्ठ सरांना नाही. "ही कबुली आहे की प्रबंध? 'मी' काढून टाका. आपल्याच कामात खोट दाखवताय." मॅडम माझ्यासाठी भांडल्या, पण शेवटी तडजोड झाली. पद्धतीच्या प्रकरणात एक परिच्छेद उरला. सुनांच्या गप्प बसण्याचं वाक्य मी हट्टाने ठेवलं, बाकी सगळं गेलं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी नेमका तोच परिच्छेद उघडला. "थोडक्यात सांगा, तुम्ही आतल्या की बाहेरच्या?"

"थोडक्यात सांगता येत नाही सर. म्हणून चार पानं लिहिली होती."

"ती कुठायत?"

मी ज्येष्ठ सरांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. "काढायला लावली," मी म्हटलं. मॅडमनी टेबलाखाली माझा गुडघा दाबला. परीक्षकांनी मान हलवली आणि पुढच्या प्रकरणातल्या तक्त्याबद्दल विचारलं. डिग्री मिळाली. राग मात्र अजून गेलेला नाही.