सोड्यांचा जुना भाव

मुलुंडच्या एका सुक्या मासळीच्या दुकानाची वेबसाइट आमच्या अंधेरीच्या ऑफिसने बनवली होती. दुकान चालवणाऱ्या काकू मूळच्या मालवणकडच्या. सोड्यांचा, म्हणजे सोललेल्या सुक्या कोळंबीचा, भाव सारखा हलायचा आणि गिऱ्हाइकं मात्र आज कार्टमध्ये माल टाकून पैसे भरायला दोन आठवड्यांनी यायची. कार्ट त्यांच्याच ब्राउझरमध्ये साठायचं: कुठला माल, किती, आणि टाकताना दिसलेला भाव. तो भाव शिळा होणारच. म्हणून चेकआउटला मी सर्व्हरकडून ताजा भाव मागवत होते. फरक असेल तर मधे एक पडदा उघडून जुना-नवा भाव शेजारी शेजारी दाखवायचा, आणि गिऱ्हाईक 'मान्य' म्हणेपर्यंत पैसे भरायचं बटण बंद.

एका सकाळी काकू थेट ऑफिसात आल्या.

"एका बायलेन माका चोर म्हटल्यान गो! भर दुकानात!"

नाहूरची बाई होती. कार्टमध्ये एक भाव, खात्यातून गेले जास्त. मला पटेना. माझ्या फोनवर चाचणीसाठी टाकलेलं जुनं कार्ट तसंच होतं, ते उघडलं. सोडे जुन्याच भावाने. पुढचं बटण दाबलं तर थेट पेमेंट, नव्या भावाची एकूण रक्कम, आणि भाव बदलल्याचं कुठेही अक्षर नाही. माझा मधला पडदाच गायब.

कोडमधले बदल पाहिले. आमच्या मॅनेजरने तो काढून टाकला होता. मला न विचारता.

डोकं सणकलं. त्याच्या टेबलाशी गेले. "तू काढलास?"

"अगं, तो पडदा बघून लोक पळतात यार. आणि आपण खोटं कुठे बोललो? सर्व्हरचा भाव बरोबरच आहे ना?"

"भाव बरोबर आहे रे, पण तिला सांगितलास कधी? पैसे कापल्यावर?"

"रक्कम दिसते की पेमेंटला. वाचायला नको?"

काकू माझ्या मागे येऊन उभ्या होत्या. त्यांच्याकडे वळून तो गोड हसला. "काकू, तुमचाच फायदा आहे यात."

"फायदो?" काकूंचा आवाज चढला. "गाळ्यावर भाव वाढलो तर मी तोंडान सांगतंय. घेवचा तर घे, नाय तर ठेव. माझ्या नावान गपचूप पैसे काढूक तुका कोणी सांगितल्यान?"

सगळं ऑफिस बघत होतं.

मी त्याची परवानगी न मागता पडदा परत बसवला. 'मान्य' म्हटल्यावर ब्राउझरमधला भावही बदलेल, असंही केलं. काकूंनी त्या बाईचे वरचे पैसे परत केले. ती पुन्हा काही आली नाही.

पुढच्याच आठवड्यात वेबसाइट बनवून घ्यायला आलेल्या एका नव्या गिऱ्हाइकासमोर मॅनेजर तोच पडदा दाखवत होता. "आमच्याकडे भाव कधी लपवत नाही. मी पहिल्यापासून आग्रही आहे."

मी बाजूलाच बसले होते. "पहिल्यापासून?" मी सगळ्यांसमोर विचारलं. त्याने ऐकू न आल्यासारखं पुढचं पान उघडलं.