दोन गाड्या, दोन विमे

त्या दुष्काळी वर्षी आमच्या वडिलांना, आण्णांना, आठवड्यातून दोनदा उदगीरहून लातूरला डायलिसिससाठी न्यावं लागे, म्हणून आम्ही गाडी घ्यायला गेलो. धाकटा भाऊ शोरूममध्ये सीटकव्हर फुकट मागत बसला. माझ्या यादीत विमा होता. आम्ही निवडलेल्या दोन्ही गाड्यांची किंमत आणि इंजिन सारखंच, तरी त्याच्या आवडत्या गाडीचा विमा महाग का? मी ओळखीच्या विमा एजंटला फोन लावला.

"ताई, थर्ड पार्टी, म्हंजी आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा, दोन्हीला सारखाच हाय. फरक गाडीच्या नुकसानीच्या विम्यात हाय. भावाच्या पसंतीची ती गाडी लई चोरीला जाती. पार्टबी महाग, हैदराबादहून यायला महिना लागतो."

"गाडी कुठं ठोकली तर महिनाभर आण्णांना कशात नेशील?" मी भावाला विचारलं.

त्याने हातातला सीटकव्हरचा नमुना खाली ठेवला. मग सेल्समनला म्हणाला, "ती दुसरीच दाखवा."