गल्लीतले दिवे आणि चौथा चेक

डोंबिवलीतल्या आमच्या गल्लीत बिल्डरने दिव्यांचे खांब उभे केले, बिलंही काही वर्षं भरली, आणि शेवटचा फ्लॅट विकल्यावर तो जो गायब झाला तो झालाच. थकबाकीपायी वीज कंपनीने मीटर काढून नेला. महापालिकेत गेले तर तिथल्या साहेबांनी सांगितलं, "मॅडम, रस्ता खासगी आहे, आमच्या ताब्यात दिलेलाच नाही." म्हणजे गल्लीतल्या चार सोसायट्यांनी मिळून नवा मीटर घ्यायचा आणि खर्च वाटून घ्यायचा. इतकं सोपं होतं, म्हणूनच होत नव्हतं.

माझं पोट त्या उजेडावर होतं. नवऱ्याची वागळे इस्टेटमधली कंपनी बंद पडल्यापासून घर माझ्या दहावीच्या गणिताच्या क्लासवर चालायचं, आणि माझी बिल्डिंग गल्लीच्या अगदी टोकाला. संध्याकाळची बॅच सुटली की मुली अंधारात गटाराची फुटकी झाकणं चुकवत मेन रोडला जायच्या. मग एकेकीची आई यायला लागली. "बाई, शिकवता तुम्ही छानच हो, पण..." प्रत्येक "पण"बरोबर एक मुलगी कमी व्हायची.

आधी मी माझ्या बाल्कनीत मोठा फोकस लावून पाहिला. आभार कुणी मानले नाहीत, पण एक दिवस लावायचा राहिला तर समोरचे आजोबा तक्रार घेऊन हजर! "काल दिवा नव्हता हो, अशाने कसं चालेल?" जशी काही माझी लाइनमन म्हणून अपॉइंटमेंट झालेली.

शेवटी चारही सेक्रेटरींना आमच्या पार्किंगमध्ये बोलावलं, चहा पाजला. पहिले म्हणाले, बाकीचे देणार असतील तर आम्ही तयार. दुसरे म्हणाले, बाकीचे देणार असतील तर आम्ही तयार. आमच्या सेक्रेटरींनीही तेच वाक्य म्हटलं, फक्त बिस्किट खात. चौथे मात्र प्रामाणिक निघाले. "तुम्ही तिघं लावणारच ना? मग उजेड काय आमच्या गेटपाशी येऊन परत फिरणार आहे?"

संताप झाला माझा, कारण माणूस बरोबर बोलत होता. पाणी बंद करता येतं, लिफ्टला कार्ड लावता येतं. रस्त्यावरच्या दिव्याला कसं सांगणार, की हे काका आले की डोळे मिट?

मग मी एक अट घातली. प्रत्येक सोसायटीने डिपॉझिट आणि वर्षभराच्या बिलाचा वाटा धरून माझ्याकडे चेक ठेवायचा. चारही आले तरच ते वटवायचे, एक जरी आला नाही तर बाकीचे जसेच्या तसे परत. आपण भरू आणि दुसरे हसतील ही भीती गेली, तशी तीन चेक पटापट आले. चौथ्यांनी निरोप पाठवला, "तिघांचे आलेत ना, मग होतंय की काम!"

आता सगळे माझ्या मागे लागले. "बाई, गरज तुम्हालाच जास्त, तुम्हीच टाका ना चौथा वाटा." नवराही म्हणाला, "अगं, भरून टाक आणि मोकळी हो." मोह झाला. पण एकदा भरला असता तर दरवर्षी तो माझाच झाला असता, आणि पुढच्या वर्षी तिसऱ्यांनाही अचानक अंधार आवडायला लागला असता.

मी तिन्ही चेक परत दिले. त्याच आठवड्यात आणखी दोन मुली गेल्या. स्वयंपाकघरात जाऊन रडले मी, खोटं कशाला सांगू.

पण गल्लीत हाहाकार झाला. बाई खरंच परत देतील असं कुणाला वाटलंच नव्हतं. चौथ्या सोसायटीतल्या बायकांना दिवे फुकट हवे होते, पण अजिबात नसलेले नको होते. त्यांनी आपल्या सेक्रेटरींना असं धारेवर धरलं, की ते स्वतः चेक घेऊन माझ्या दारात आले. "तुम्ही फारच ताणता बुवा," म्हणाले. मग बाकीचे तीन चेकही पुन्हा जमा झाले, मीटर बसला आणि दिवे लागले.

पहिल्याच संध्याकाळी मागच्या नव्या टॉवरमधली मंडळी आमच्या गल्लीत शतपावलीला! दमडी दिलेली नाही, वर "महापालिकेने शेवटी काम केलं हं" हे सर्टिफिकेट. मी दात-ओठ खात बघत होते. बघण्यासारखं एवढंच, की ते इतके फिरले तरी आमचा उजेड कणभर कमी होत नव्हता.

त्यातल्या एक बाई माझ्या क्लासच्या पाटीसमोर थांबल्या. मुलगी दहावीला आहे म्हणाल्या, आता रस्त्यावर लाइट आहे तर पाठवायला हरकत नाही. "आधी पंधरा दिवस तशीच बसू दे का? बघू जमतंय का, मग फीचं ठरवू."

मी गोड हसले आणि म्हटलं, "फी आधी. माझ्या क्लासला दार आहे."