सात वर्षांची मुदत

दातकर हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हतं. गावातल्या दंतवैद्यांना ते दातांच्या टोप्या आणि कवळ्या बनवून द्यायचे, म्हणून कुणीतरी थट्टेत ‘दातकर’ म्हणालं आणि ते जन्माचं चिकटलं. त्यांनाही ते आवडायचं. घरी कुणी आलं की म्हणायचे, “दात कोरून पोट भरत नाही म्हणतात ना? आमचं भरतं बघा!” आणि स्वतःच सगळ्यांच्या आधी हसायचे.

त्यांची लॅब म्हणजे राहत्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. आतल्या खोलीत ते मेणाचा दात कोरायचे, धातू ओतायचे, घासायचे. बाहेरच्या खोलीत खिडकीशी त्यांची बायको बसायची. सगळे डॉक्टर तिला ‘वहिनी’ म्हणायचे. धातूच्या टोपीवर ब्रशने सिरॅमिकचे थर चढवायचे, भट्टीत भाजायचे, पुन्हा चढवायचे, हे तिचं काम. दात पांढरा नसतो हे तिचं लाडकं वाक्य. मुळाशी तो मधासारखा असतो, टोकाला निळसर, आणि चहा पिणाऱ्याचा निराळा. समोरचा दात बसवायचा असला की गावातल्या एक दंतवैद्य, डॉक्टरीणबाई, पेशंटलाच लॅबमध्ये पाठवून द्यायच्या. वहिनी त्याला खिडकीत उभं करून, “हसा बघू,” म्हणायची, आणि तो माणूस लाजत हसायचा. आतून दातकर ओरडायचे, “अगं, वधूपरीक्षा झाली का?”

मग बिनधातूच्या टोप्या आल्या. झिर्कोनियाची खडूसारखी मऊ पांढरी चकती यंत्रात लावायची, यंत्र त्यातून दात कोरून काढतं, जरा मोठाच. तो भट्टीत आक्रसतो आणि दगडासारखा कठीण होतो. डॉक्टरीणबाई एकदा स्वतः आल्या आणि म्हणाल्या, “दातकर, पेशंट आता हेच मागतात. तुम्ही नाही दिलं तर मला दुसरीकडे पाठवावं लागेल. मला ते नकोय.”

यंत्र विकणाऱ्याने प्रात्यक्षिक दाखवलं. झाकणाआड पाण्याच्या थेंबाएवढी सुई गरागरा फिरत होती आणि चकतीतून दाढ उगवत होती. दातकर तिथेच विरघळले. “दहा वर्षं बघायला नको,” विकणारा म्हणाला.

बँकेत कर्जाचं बघणाऱ्या बाई शांत होत्या. त्यांनी आधी यंत्राची किंमत विचारलीच नाही.

“रोज किती टोप्यांचं काम येईल? आज येतील त्या, पुढे येतील त्या नव्हे.”

दातकरांनी सांगितलं.

“कंपनीची हमी किती वर्षांची?”

“दोन.”

“आणि सुटे भाग किती वर्षं मिळतील, हे लिहून दिलंय?”

“तो म्हणाला मिळतील म्हणून.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “हे बघा, अशा यंत्राचं कमावतं आयुष्य मी पाच वर्षं धरते. कर्ज त्याच्या आत फिटायला हवं. साडेचार वर्षं घ्या. पहिले सहा महिने फक्त व्याज भरा, तोवर हात बसेल. मग वर्षभर लहान हप्ता, आणि काम वाढेल तसा मोठा. शेवटचे काही महिने यंत्र तुमच्या एकट्यासाठी कमवेल. त्यातून पुढच्या यंत्राची सोय होईल.”

मोठ्या हप्त्याचा आकडा ऐकून दातकर खुर्चीत पुढे सरकले. “मॅडम, सात वर्षं करा ना. हप्ता कसा हलका होतो बघा.”

“हलका होतो. पण व्याज वाढतं, आणि सुरुवातीचे हप्ते बरेचसे व्याजातच जातात. पाचव्या वर्षी यंत्र थकलं तर?”

“तो दहा वर्षं म्हणतोय.”

“चालेल कदाचित दहा वर्षं. पण कमवेल का?”

दातकरांना हा फरक तेव्हा शब्दांचा खेळ वाटला. त्यांनी हुकमाचं पान टाकलं. राहतं घर तारण द्यायला ते तयार होते.

“घर तारण असलं की बँकेला शांत झोप लागते,” बाई म्हणाल्या. “त्याने यंत्राचं आयुष्य वाढत नाही.”

पण तारण चोख होतं आणि बँकेच्या नियमात सात वर्षं बसत होती. बाईंनी आपलं मत कागदावर लिहिलं. वरच्या साहेबांनी ते वाचलं आणि सात वर्षांना मंजुरी दिली.

घर दोघांच्या नावावर होतं, म्हणून वहिनीचीही सही लागणार होती. बँकेच्या पायऱ्यांवर ती थांबली.

“अहो, त्या बाई म्हणतात तसं करू या. दोन वर्षं ओढाताण होईल. मी रविवारीही बसेन. पण यंत्र दमल्यावर त्याचे हप्ते ओढत बसायला नको.”

“अगं, तुला ओढाताण नको म्हणून तर सात वर्षं घेतोय!”

“मी कुठे तक्रार केलीय?”

“अंथरूण पाहूनच पाय पसरतोय मी. लहान हप्ता म्हणजे लहान पाय.”

वहिनीने पिशवीतून पेन काढलं. मग म्हणाली, “तुम्ही ठरवलंच आहे, तर चला.” आत जाऊन तिने सही केली.

पहिली तीन वर्षं म्हणजे सोन्याचे दिवस होते, हे कुणीही नाकारणार नाही. गावात असं यंत्र एकच. कामं इतकी आली की दोन माणसं ठेवावी लागली. हप्ता कधी जायचा ते कळायचंही नाही. दुसऱ्या वर्षी दातकर काही कामाने बँकेत गेले तेव्हा बाईंनी मुद्दाम बोलावून घेतलं. “काम जोरात आहे असं ऐकलं. वर राहतंय ते मुद्दलात भरा. दंड लागत नाही. आणि हप्ता कमी करू नका, मुदत कमी करून घ्या.”

“पुढच्या महिन्यात नक्की,” दातकर म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. पण पुढच्या महिन्यात लॅबला काचेचं दार बसलं, त्यानंतर गार हवेचं यंत्र, मग नवी पाटी, आणि एके दिवशी दारात गाडी उभी राहिली. आलेला पैसा आपला, असंच त्यांना वाटत होतं. त्यातला बराचसा यंत्राच्या झिजेपोटी राखून ठेवायचा होता, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं असंही नाही.

खिडकीशी मात्र शांतता पसरली. यंत्रातून टोपी आयत्या रंगाची यायची. वर दोन फराटे मारून चकाकी दिली की झालं. ते काम नोकर माणूसही करायचा. वहिनीची जुनी भट्टी जागा अडवते म्हणून दातकरांनी विकून टाकली. तिला विचारलं होतं. ती “बरं,” म्हणाली होती.

चौथ्या वर्षी डॉक्टरांनी तोंडात फिरवायचे कॅमेरे घेतले. साचा घ्यायची गरजच संपली. पेशंटच्या दातांचं चित्र थेट संगणकावर यायचं. दातकरांच्या यंत्राला ती चित्रं वाचताच येईनात. कंपनीने उत्तर दिलं, या मॉडेलसाठी नवी प्रणाली येणार नाही. तोवर शेजारच्या शहरात एक मोठी लॅब उभी राहिली होती. ती चित्र घेऊन तिसऱ्या दिवशी टोपी पाठवायची, तीही निम्म्या दरात. डॉक्टरीणबाई सगळ्यात शेवटी गेल्या. जाताना म्हणाल्या, “दातकर, मला फार वाईट वाटतंय.” त्यांना खरंच वाटत होतं. म्हणून तर दातकरांना रागावताही आलं नाही.

पाचव्या वर्षी, उरलंसुरलं काम चालू असताना, यंत्रातून किंचाळल्यासारखा आवाज आला. सुई फिरवणारा मुख्य दांडा गेला होता. नवा मिळेना. जुन्या बाजारातला बसवला, तो एक मोसमही टिकला नाही.

यंत्र विकावं म्हटलं, तर ते बँकेकडे गहाण. बँकेच्या परवानगीशिवाय हलवता येत नव्हतं, आणि गिऱ्हाईक जे देत होतं ते बाकीच्या पाव हिश्शालाही पुरत नव्हतं. नव्या यंत्रासाठी कर्ज मागायला ते गेले. बाईंनी हिशेब पुन्हा पुन्हा मांडून पाहिला.

“आहे त्या कमाईतून आधीचाच हप्ता सुटत नाही. दुसरा कुठे बसवू?”

“तेव्हाच तुमचं ऐकायला हवं होतं.”

बाई “मी सांगितलं होतं” म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, “मी साहेबांशी अजून भांडायला हवं होतं.” आणि चहा मागवला. दातकरांनी कागद पिशवीत भरले. दोष कुणाला द्यायचा? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

गाडी गेली, नोकर गेले, तरी ओढाताण राहिलीच. एका सकाळी वहिनी डबा भरताना म्हणाली, “मी त्या मोठ्या लॅबमध्ये विचारून आले. त्यांना समोरच्या दातांवर हाताने काम करणारं माणूस हवंय. उद्यापासून जाते.”

“आपल्याला बुडवलं त्यांच्याकडे?”

“त्यांनी नाही बुडवलं,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. “घर वाचवायचंय ना? हप्ता माझ्या पगारातून जाईल.”

उरलेली दोन वर्षं तसंच चाललं. ती पहाटेच्या बसने जायची. दातकर कवळ्या दुरुस्त करायचे, तुटलेल्या तारा जोडायचे. बाजूला झाकण घातलेलं यंत्र उभं असायचं. त्याच्यासाठी ती दुसऱ्याच्या खिडकीत बसून दात रंगवत होती.

शेवटचा हप्ता भरला. बँकेने ना हरकत पत्र आणि घराचे कागद परत दिले. यंत्र भंगारवाल्याने नेलं. खोली एकदम मोठी दिसायला लागली. दातकरांनी खिडकीशी टेबल सरकवलं, पुसलं, आणि बायको आल्याबरोबर म्हणाले, “झालं सगळं. आता नको जाऊस तिकडे. एक लहान भट्टी घेऊ. दोन वर्षांत फिटेल एवढंच कर्ज काढू. पुन्हा दोघं बसू.”

वहिनी चप्पल काढता काढता थांबली.

“अहो, रंगाची पूर्ण खोली आता माझ्याकडे आहे. सहा मुली शिकतायत हाताखाली. मला तिथे बरं वाटतं.” चप्पल कोपऱ्यात ठेवून ती म्हणाली, “जुनी भट्टी विकलीत तेव्हा असं म्हणाला असतात तर मी धावत आले असते.”

त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. भट्टी मात्र घेतली, दोन वर्षांच्याच मुदतीच्या कर्जावर.

पुढे डॉक्टरीणबाईंनी एका म्हाताऱ्या पेशंटला पाठवलं. समोरचा एकच दात बसवायचा होता, आणि त्यांना तो जुन्या पद्धतीचाच हवा होता. दातकरांनी त्यांना खिडकीत उभं करून हसायला सांगितलं. तीनदा थर चढवले, तीनदा खरवडले. चौथा जमल्यासारखा वाटला तेव्हा संध्याकाळी बायकोच्या तळहातावर ठेवला.

तिने तो दिव्याखाली धरला. बराच वेळ फिरवून पाहिला.

“मुळाशी जरा मध हवा होता,” ती म्हणाली. “पण चालेल.”

दात त्यांच्या हातात परत देऊन ती उद्याच्या साडीला इस्त्री करायला आत गेली.