शेजारच्या सीटवरचा रुमाल

परवा पुण्याच्या मेट्रोत एका बाईंनी मैत्रिणीसाठी शेजारच्या सीटवर रुमाल टाकला. "अहो, मेट्रो आहे ही, पीएमटी नव्हे," कुणीतरी सुनावलं. सगळे हसले. मला सिंगापूरची पहिली शिफ्ट आठवली.

हिंजवडीची नोकरी सोडून मी सिंगापूरच्या एका कारखान्यात एसी टेक्निशियन म्हणून गेलो होतो. सकाळी कंपनीच्या बसने हॉस्टेलवरून मेट्रो स्टेशनला सोडलं. गेटवर कार्ड टेकवून आत शिरलो. गाडीला ड्रायव्हरच नव्हता. कुठे उतरायचं, कुणाला विचारणार? दारावरच्या नकाशातले दिवे बघत राहिलो. उतरल्यावर पुन्हा कार्ड टेकवलं आणि सांगितलेल्या दारातून बाहेर आलो, तर कारखान्याची दुसरी बस उभी होती. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

बसमध्ये चढून खिडकीशी बसलो आणि हात आपसूक खिशात गेला. शेजारी रुमाल टाकला. हिंजवडीच्या बसमध्ये रोज टाकायचो, पुढच्या स्टॉपवर चढणाऱ्या माझ्या मित्रासाठी, सुनीलसाठी.

बस भरली. एक बांगलादेशी कामगार रुमालाकडे बघत म्हणाला, "कोई आएगा?"

"हां," माझ्या तोंडून निघून गेलं.

तो दांडी धरून उभा राहिला. सगळे बसल्याशिवाय बस हलणार नाही, असं ड्रायव्हरने खुणेनं सांगितलं. आख्खी बस माझ्याकडे बघायला लागली.

मी रुमाल उचलून खिशात घातला. तो बसला, बस सुटली. सुनील तिकडे पुण्यात होता; इथे तो कुठल्याच स्टॉपवर चढणार नव्हता.