मामांना तक्रारच सापडेना

मामा जाऊन महिना झाला. माणूस इतका साधा की त्यांच्याबद्दल सांगायला एकच गोष्ट, आणि ती सांगताना रडता रडता हसू येतं.

अकरा वर्षं ते कुलपांच्या कारखान्यात तपासणीला होते. किल्ली घालायची, फिरवायची, काढायची, पुढचं कुलूप. दरवर्षी करार संपायचा, नवा यायचा, मामा सही करायचे. मग मामी दवाखान्यात तीन महिने पडून होती, तेव्हा मामांनी मनात घेतलं, आपण अंथरुणाला खिळलेल्या माणसांची सेवा शिकायची. वय सेहेचाळीस. दवाखान्यातली शिकवणी एक तारखेला सुरू, आणि जुन्या कामाचा दाखला नसेल तर जागा दुसऱ्याला.

मामांनी कारखान्यात चिठ्ठी दिली. "नवा करार देताय, उपकार आहेत. पण मी वेगळ्या कामात जातोय. मला सांभाळून घेतलंत, मनापासून आभार."

नोकरभरतीच्या बाई चक्रावल्या. कारखान्यातही सगळे त्यांना मामाच म्हणायचे.

"मामा, जाणारा माणूस आभार मानतो होय? पगार कमी पडला?"

"नाही हो बाई."

"साहेब काही बोलले?"

"साहेब तर घरच्यासारखं वागवतात."

"मग मी भरू काय? तक्रारीचा रकाना रिकामा ठेवला तर कॉम्प्युटर पुढेच जात नाही."

मामांनी दोन दिवस तक्रार शोधली. कामावरचे जोडीदार म्हणाले, चहा बेचव आहे लिहा. मामा म्हणाले, मला तर आवडतो. शेवटी बाईंनीच लिहून टाकलं, खुर्ची टोचते.

तिसऱ्या दिवशी दोन माणसं आली, मामांची पाठ मोजून गेली आणि संध्याकाळपर्यंत गादीची खुर्ची हजर. साहेब स्वतः आले, मागोमाग फॉर्म घेऊन बाई.

"तक्रार मिटली मामा. आता करा सही. का पाय ठेवायला स्टूलही देऊ?"

मामा खुर्चीत अवघडून बसलेले. "खुर्ची झकास आहे साहेब. पण मला माणसं उठवून बसवायचीत."

"इथे बसून बसवा की."

तेवढ्यात कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या क्लार्कनी चष्मा वर केला. "बाई, हा फॉर्म राजीनाम्याचा आहे. मामा राजीनामा कुठे देतायत? करार तीस तारखेला आपला आपण संपतोय. पुढचा नको, एवढंच म्हणतायत ते."

तीन दिवस कोणाच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. तीस तारखेला बाईंनी दाखला छापला. अकरा वर्षं काम चोख, करार मुदत संपल्याने पूर्ण. साहेबांनी सही केली, शिक्का मारला, आणि हळूच विचारलं, "मामा, खरंच काही राग नाही ना?"

"राग असता तर चिठ्ठी एवढी मोठी लिहिली असती का साहेब. मला लिहायला किती त्रास होतो."

एक तारखेला मामा वॉर्डात उभे होते. सिस्टरनी एका आजोबांना कुशीवर कसं वळवायचं ते दाखवलं. मामांनी हात लावला तसे आजोबा म्हणाले, "हात गार आहेत रे तुझे." मामांनी हात एकमेकांवर खसाखसा चोळले, गालाला लावून बघितले, आणि मग आजोबांना धरलं.