ढिले ठेवलेले पुढचे ब्रेक

१७ जुलै २००३, सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. कसारा घाटाच्या माथ्यावरील एका ढाब्यासमोर, कांद्याने भरलेल्या ट्रकखाली मी पोलादी पट्टी घेऊन आडवी झाले होते. पाठीखालचे गोणपाट भिजून गेले होते. याच ट्रकबरोबर घाट उतरण्याची ही माझी तिसरी खेप. पहिल्या दोन्ही खेपांना मागच्या ड्रममधून धूर निघाला होता, आणि का, याचे उत्तर शोधण्याइतकी उमेद माझ्यात आता फारशी उरलेली नव्हती.

अंबडच्या आमच्या कारखान्यात ब्रेकचे लायनर बनत. देवळ्याच्या ट्रकमालकाची तक्रार होती की आमचा माल घाटात जळतो. लायनरची जाडी आणि ड्रमचा व्यास यांत मला काही दोष सापडला नव्हता. तेव्हा मालकाने आदल्या दिवशी माझ्यासमोरच ड्रायव्हरला बजावले होते, "माल चांगला, मग दोष तुझा. उद्या खाली पोचल्यावर या मॅडमचं माप पन्नासच्या वर गेलं, तर तिथंच गाडीतून उतरायचं. दुसरा माणूस कसाऱ्याला बसवून ठेवतोय."

हे माप म्हणजे ब्रेक दाबल्यावर हवेच्या बूस्टरमधून बाहेर येणाऱ्या दांड्याची चाल. दांडा स्लॅक ॲडजस्टर ही आवळता-सैल करता येणारी तरफ फिरवतो, ती लायनर बसवलेले शूज फाकवते, आणि शूज चाकाच्या ड्रमला आतून भिडतात. ड्रम तापला की फुगतो, शूजना अधिक अंतर जावे लागते, आणि दांड्याची चाल वाढते. चाल संपली की पाय कितीही दाबा, शूजवर जोर येत नाही.

थंड अवस्थेत मागची चाल सेहेचाळीस मिलिमीटर भरली. मर्यादेच्या आत, पण काठावर. पुढची पंचावन्न. पुढच्या छोट्या बूस्टरची सगळी चालच सत्तावन्न. म्हणजे पुढचे ब्रेक नावापुरतेच होते, सगळा भार मागच्यांवर.

"काका, पुढचे स्लॅक कोणी ढिले केले?" मी ड्रायव्हरला विचारले.

"मीच. पावसाळ्यात पुढचा ब्रेक धरला की स्टेअरिंग खेचतं. लाइनीतले समदेच करतात."

"एकच बाजू आवळली तर खेचतं. दोन्ही सारखे आवळा."

"मॅडम, तुम्ही पट्टी धरा, स्टेअरिंग मी धरतो." ते हसले आणि गाडीत चढले. मीही चढले, वाद घालण्याचे त्राण नव्हते.

उतार लागताच त्यांनी सवयीने गाडी न्यूट्रल केली. डिझेल वाचते, हे त्यांचे ठरलेले उत्तर. परंतु इंजिनाने जे ओझे अडवायचे, तेही आता मागच्या ड्रमांवरच पडले. चौथ्या वळणावर जळका वास आला. पाचव्यावर त्यांनी पाय पूर्ण दाबला. हवेच्या दाबाचा काटा जागेवर होता, वेग मात्र कमी होईना. त्यांनी हँडब्रेकला हात घातला.

"तोही त्याच ड्रमांवर चालतो! गिअर, काका!"

त्यांनी ॲक्सिलरेटर दाबून इंजिन चढवले आणि करकरत तिसरा गिअर टाकला. इंजिन किंचाळले, गाडीला हिसका बसला, वेग ओसरला. रस्त्यालगतच्या सपाट जागेत गाडी थांबली. चाकांपुढे दगड लावून मी मागचे माप घेतले: एकसष्ट, म्हणजे मागच्या मोठ्या बूस्टरचीही चाल संपत आलेली.

"झालं," ते म्हणाले. "बसला माझ्या जागी दुसरा."

"हे खालचं माप नाही. अजून अर्धा घाट आहे."

ते बादली घेऊन निघाले. मी अडवले, लाल होण्याच्या बेतात आलेल्या ड्रमवर पाणी ओतले तर तो तडकतो. मग त्यांनी लगेच पाना काढला. तेही थांबवले: फुगलेल्या ड्रमवर आवळलेले शूज ड्रम निवल्यावर त्यालाच घासत राहतात.

"मग करायचं काय?"

"वाट पाहायची."

"शिकून शिकून हेच शिकलात होय?"

आम्ही दोघे पावसात पायरीवर बसून राहिलो. ड्रमवर तळहात टेकवता येऊ लागला तेव्हा ते स्वतःच खाली शिरले. प्रत्येक चाक उचलून स्लॅक असा आवळला की शूज टेकले, मग अर्धा फेरा मागे घेतला. पुढचे दोन्ही त्यांनी माझ्याकडे न पाहता सारखे केले.

उरलेला घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. इंजिन गुरगुरत गाडी धरून होते, ब्रेक फक्त वळणांवर लागत होता, थोडा वेळ आणि ठाम. मागे हॉर्नचा गदारोळ.

"वरातीत चाललोय जणू," ते पुटपुटले. थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखे, "स्टेअरिंग नाय खेचत."

कसाऱ्याला एक माणूस कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन टपरीबाहेर बसला होता. गाडी पाहताच तो उठला. काकांनी त्याच्याकडे न पाहता ब्रेक दाबून धरला. धूर नव्हता, पण मालकाला धूर नको होता, आकडा हवा होता. मी पुन्हा गोणपाट पसरले, गरम ड्रमपासून चेहरा दूर ठेवत पट्टी टेकवली आणि सर्वांत जास्त चाल असलेल्या मागच्या उजव्या चाकाचे माप मोठ्याने वाचले: चव्वेचाळीस मिलिमीटर.